मीटर मागे फिरवलेली गाडी परत कशी करायची?

जुन्या गाडीचा मीटर मागे फिरवायला आता पान्या-पकडीची गरज उरलेली नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटं यंत्र जोडलं की आकडा हवा तेवढा खाली येतो, आणि चहा संपायच्या आत एक लाख दहा हजार किलोमीटर धावलेली गाडी चाळीस हजारांची होते. किंमत त्याच प्रमाणात वर जाते. जुन्या गाडीच्या व्यवहारातली ही सर्वांत साधी फसवणूक. कपटाने झालेला करार मोडून पैसे परत कसे मिळवायचे, हे समजून घ्यायलाही ती सोयीची आहे, कारण यात खोटं काय होतं ते आकड्यांत दाखवता येतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका शिक्षिकेने पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून ४,८०,००० रुपयांना एक छोटी गाडी घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सिंगल ओनर, ४२,००० किमी, ओरिजिनल मीटर’. तीन महिन्यांत गाडी साधारण ३,००० किलोमीटर चालली. मग क्लच कुरकुरू लागला म्हणून बाईंनी ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या मुलाने चेसिस क्रमांक टाकला आणि म्हणाला, “मॅडम, ही गाडी दीड वर्षापूर्वी आमच्याकडे एक लाख आठ हजारांवर येऊन गेलीय.” घरी येऊन बाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट उघडून पाहिलं. खांबावर ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर अर्धवट खरवडलेला होता, पण ‘पुढील सर्व्हिस १,१८,०००’ एवढं वाचता येत होतं.

या क्षणापासून बाई काय करतात, यावर पैसे परत मिळणं न मिळणं बरंचसं अवलंबून आहे. डीलरने आधी काय केलं ते केलंच. पण आपलं नंतरचं वागणं आपल्या विरोधात जाऊ शकतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम १९ इथे लागू होतं. संमती कपटाने मिळवलेली असेल तर करार आपोआप संपत नाही. तो जिवंतच राहतो, पण फसलेल्या माणसाच्या मर्जीवर. त्याला वाटलं तर तो करार रद्द करू शकतो. वाटलं तर करार कायम ठेवून, सांगितलेली गोष्ट खरी असती तर आपण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत आणून ठेवा, असं तो म्हणू शकतो. म्हणजे बाईंनी एकतर गाडी परत करून पूर्ण पैसे मागायचे, किंवा गाडी ठेवून ४२ हजारांच्या आणि एक लाखावरच्या गाडीच्या किमतीतला फरक मागायचा. दोन्ही मिळत नाहीत. ही निवड फसवणाऱ्याला करता येत नाही. डीलरला उद्या वाटलं की गाडी स्वस्तात गेली, तर तो स्वतःचं कपट दाखवून व्यवहार मोडू शकणार नाही.

निवड करायला थोडा वेळ घेतला तर चालतं. पण निवड बोलूनच होते असं नाही, ती वागण्यातूनही होते. फसवणूक कळल्यावरही गाडी रोज शाळेत नेत राहिलात, तिला नवे सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम बसवलीत, डीलरकडून ‘क्लचचा अर्धा खर्च आम्ही देतो’ ही तडजोड घेतलीत, तर कायदा म्हणतो की तुम्ही करार मान्य केला. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ याच्या कलम २७ मध्ये न्यायालय करार रद्द करायला नकार कधी देऊ शकतं ते दिलं आहे, आणि त्यातलं पहिलं कारण हेच आहे: उघडपणे किंवा वागण्यातून दिलेली मान्यता.

१९५८ सालचा एक इंग्लिश खटला या बाबतीत डोळे उघडणारा आहे. आपला करार कायदा त्याच मुशीतून निघालेला असल्याने तो इथेही शिकवला जातो. लाँग नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने लॉइड नावाच्या माणसाकडून ७५० पौंडांना जुनी लॉरी घेतली. ‘उत्तम स्थितीत’ अशी तिची जाहिरात होती. पहिल्याच फेरीत डायनामो बंद पडला, ऑइल सील गळायला लागलं, एका चाकाला तडा दिसला आणि चाळीस मैलांना आठ गॅलन इंधन लागलं. लाँगने तक्रार केली. लॉइड म्हणाला, नव्या डायनामोचा अर्धा खर्च देतो. लाँगने ते मान्य केलं, आणि दुसऱ्या दिवशी लॉरी माल घेऊन मिडल्सबरोच्या लांब फेरीला पाठवली. ती वाटेत बंद पडली तेव्हा त्याने पैसे परत मागितले. अपील न्यायालयाने नकार दिला. पहिल्या फेरीतच लॉरी सांगितल्यासारखी नाही हे कळलं होतं. तरीही अर्ध्या डायनामोवर तोड काढून ती धंद्यावर पाठवली, म्हणजे ती स्वीकारली. त्या खटल्यात लॉइड जाणूनबुजून खोटं बोलला असं ठरलं नव्हतं, म्हणून तो आपल्या बाईंच्या गोष्टीपेक्षा सौम्य आहे. पण अर्ध्या डायनामोचा मोह कुठल्याही गॅरेजच्या दारात आजही उभा असतो, आणि माझ्या मते फसलेल्या ग्राहकाचं सर्वांत मोठं नुकसान तिथेच होतं. डीलर नेहमी थोडंसं काहीतरी देऊ करतो, आणि त्याबरोबर ‘यापुढे काही तक्रार नाही’ अशा एका कागदावर सही मागतो.

तेव्हा बाईंनी पहिलं काम केलं पाहिजे ते गाडी उभी करण्याचं. तारखेसह मीटरचा फोटो काढायचा, गाडीच्या चारही बाजूंचे, टायरचे, त्या खरवडलेल्या स्टिकरचे फोटो काढायचे. आठवड्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करणं, विमा चालू ठेवणं ही निगा आहे, वापर नाही. विमा तर सोडायचाच नाही. आरसी बाईंच्या नावावर आहे तोवर गाडीने अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. गाडीवर कर्ज असेल तर हप्तेही थांबवायचे नाहीत. बँकेशी केलेला करार वेगळा आहे आणि डीलरने केलेल्या फसवणुकीमुळे तो मोडत नाही. हप्ता थकला की नाव बाईंचंच खराब होतं.

दुसरं काम नोटिशीचं. करार रद्द करणं ही मनात ठरवायची गोष्ट नाही, ती समोरच्याला कळवावी लागते; कलम ६६ तसं सांगतं. फोनवरच्या भांडणात ‘मला गाडी नको’ म्हणणं पुरत नाही, कारण नंतर ते सिद्ध करता येत नाही. पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवावं, त्याचीच प्रत ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर. वकिलाची भारी भाषा लागत नाही. मजकूर साधारण असा असावा:

‘दि. अमुक रोजी आपल्याकडून घेतलेल्या गाडीचे (नोंदणी क्र., चेसिस क्र.) मीटर ४२,००० किमी असल्याचे आपण जाहिरातीत व बिलावर लिहून दिले होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीनुसार गाडी त्याआधीच १,०८,००० किमीहून अधिक चालली होती. ही बाब मला दि. अमुक रोजी कळली. या खोट्या माहितीवर विसंबून मी गाडी घेतली. सबब मी हा करार रद्द करत आहे. गाडी, दोन्ही चाव्या व कागदपत्रे परत देण्यास मी तयार आहे. त्याच वेळी ४,८०,००० रुपये परत करावेत. गाडी कधी व कोठे ताब्यात घेणार ते १५ दिवसांत कळवावे. या नोटिशीच्या तारखेपासून मी व्याजाचीही मागणी करत आहे.’

शेवटचं वाक्य विसरू नये. व्याज कायदा, १९७८ प्रमाणे, लेखी दस्तऐवजात व्याज ठरलेलं नसलं तरी लेखी मागणीत व्याज मागितल्याचं कळवलं असेल तर न्यायालय त्या तारखेपासून ते देऊ शकतं. ‘परत देण्यास मी तयार आहे’ हे वाक्यही तितकंच महत्त्वाचं. नुसते पैसे मागणारी नोटीस अर्धवट असते.

इथे बरेच लोक बिचकतात. फसवलं त्याने, मग मी त्याला काय म्हणून परत द्यायचं? पण कलम ६४ चा नियमच तसा आहे: करार रद्द करणाऱ्याने त्या करारातून मिळालेला लाभ शक्य तितका परत करायचा. गाडीही आपली आणि पैसेही आपले असं होत नाही. ‘शक्य तितका’ या दोन शब्दांत मात्र बरीच सोय आहे. गाडी तीन महिने जुनी झाली, ३,००० किलोमीटर जास्त चालली, म्हणून ती परत करता येत नाही असं नाही. वस्तू मुळात तीच उरली असेल तर झीज पैशांत मोजता येते, आणि विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ३० न्यायालयाला असा हिशेब करण्याचा अधिकार देतं. वस्तूच उरली नाही तर अडचण. १८५८ च्या एका इंग्लिश खटल्यात न्यायाधीशांनी खाटकाचं उदाहरण दिलं होतं: जिवंत जनावर घेऊन ते कापलं, मग व्यवहार मोडता येत नाही. गाडी भंगारात काढली किंवा तिसऱ्याला विकून टाकली तर बाईंची तीच गत होईल. त्यांना भरपाई मागता येईल, व्यवहार उलटा फिरवता येणार नाही.

आता हिशेब. डीलर म्हणेल, तुम्ही ३,००० किलोमीटर गाडी वापरली, भाड्याच्या गाडीच्या दराने किलोमीटरला १२ रुपये धरा, ३६,००० कापा. हा दर मान्य करायचं कारण नाही. भाड्याच्या दरात ड्रायव्हर, परवाना, नफा सगळं येतं. बाईंनी डिझेल स्वतः भरलं. द्यायची ती झीज. ती किलोमीटरला ३ रुपये धरली तर ९,००० होतात. उलट बाजूने डीलरने बाईंचे ४,८०,००० रुपये तीन महिने वापरले. वर्षाला ९ टक्के दराने त्याचं व्याज १०,८०० होतं. म्हणजे वापर आणि व्याज एकमेकांत जवळपास विरून जातात. हे दर मी उदाहरणासाठी घेतले आहेत. न्यायालयाचं ठरलेलं सूत्र नाही, प्रत्येक प्रकरणात ते पुरावा पाहून ठरतं. आरटीओत नाव बदलायला आणि नवा विमा काढायला बाईंना आलेला खर्च भरपाईत मागता येतो. मधल्या काळात बाईंनीच कुठे गाडी ठोकून दार चेपवलं असेल तर तो खर्च मात्र त्यांच्या बाजूने वजा होईल.

डीलरच्या उत्तरात बहुधा दोन गोष्टी असतात. पहिली, ‘गाडी तुम्ही बघून, चालवून घेतली, बिलावर जशी आहे तशी असं लिहिलंय.’ दुसरी, ‘आम्हालाही माहीत नव्हतं, आधीच्या मालकाने केलं असेल.’ पहिल्या उत्तरात दिसतो तेवढा दम नाही. कलम १९ ला एक अपवाद आहे खरा: साधी काळजी घेऊन सत्य शोधता आलं असतं तर करार रद्द करता येत नाही. पण तो अपवाद दोनच ठिकाणी लागतो, प्रामाणिक चुकीच्या विधानाला आणि कपटी मौनाला. मुद्दाम खोटं सांगणं आणि मीटर फिरवून सत्य झाकणं यांना तो लागत नाही. ठकवणाऱ्याला ‘तू नीट पाहायला हवं होतंस’ म्हणण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. मात्र बाईंनी व्यवहाराआधीच सर्व्हिसची नोंद काढून पाहिली असती, आकडा वाचला असता आणि तरी गाडी घेतली असती, तर त्या खोट्या जाहिरातीला भुलून फसल्या असं म्हणता आलं नसतं. खोट्यामुळेच संमती दिली गेली, हे असावं लागतं.

दुसरं उत्तर जास्त हुशार आहे. डीलरला खरंच माहीत नसेल तर ते कपट उरत नाही, चुकीचं विधान होतं. करार तरीही रद्द करता येतो, पण आता वरचा अपवाद जागा होतो, आणि ‘चेसिस क्रमांकावरून तुम्हीही शोधू शकला असता’ या वाक्याला वजन येतं. म्हणून खटला खरा या प्रश्नावर फिरतो की डीलरला माहीत होतं का. पुरावा शोधायचा तो इथे. आधीच्या मालकाने डीलरला गाडी देताना केलेला कागद, त्या वेळच्या विमा तपासणीतला मीटरचा आकडा, एखाद्या संकेतस्थळावरची त्याच गाडीची जुनी जाहिरात. जुना मालक आरसीच्या इतिहासातून सापडतो आणि बहुतेकदा बोलायलाही तयार असतो, कारण त्याला आपलं नाव यात अडकायला नको असतं. मालक म्हणाला की मी एक लाख नऊ हजारांवर गाडी दिली, तर डीलरचं अज्ञान तिथेच संपतं. दाव्यात नुसतं ‘फसवलं’ लिहून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कपटाचा तपशील तारखांसकट द्यावा लागतो. व्हॉट्सॲपचे संदेश आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन जपून ठेवावा लागतो.

हीच गोष्ट उलट बाजूनेही घडते, आणि तिथे घाई जास्त लागते. तुम्ही गाडी विकली, घेणाऱ्याने बनावट बँक संदेश दाखवला, तुम्ही चावी आणि सह्या केलेले फॉर्म २९ व ३० त्याच्या हाती दिले. तुमचा करार रद्द करता येण्याजोगा आहे. पण मालविक्री कायदा, १९३० चं कलम २९ म्हणतं, तुम्ही करार रद्द करण्याआधी त्याने ती गाडी काही न जाणणाऱ्या तिसऱ्या प्रामाणिक माणसाला विकली, तर ती त्या माणसाची झाली. तुमच्या हाती त्या भामट्यावरचा पैशांचा दावा तेवढा उरतो. म्हणून रद्द केल्याचा संदेश त्याच तासात पाठवायचा आणि हस्तांतर रोखण्याचा अर्ज आरटीओला द्यायचा.

पोलीस तक्रार जरूर करावी. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. पण गुन्ह्याचा तपास हा पैसे परत मिळवण्याचा रस्ता नव्हे, आणि पोलिसांनी गाडी मुद्देमाल म्हणून जमा केली तर ती डीलरला परत देणंही लांबतं. हे ठरवताना वकिलाचा सल्ला घ्यावा.

पैशांसाठी दोन दारं आहेत. विकणारा व्यापारी असेल तर ग्राहक आयोग. शेजाऱ्याने आपली गाडी विकली असेल तर तो व्यापारी नाही, मग दिवाणी न्यायालय. आयोग किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली आहे. नाशिकच्या बाईंना पुण्याला खेटे घालायची गरज नाही. कपटाचा पुरावा फार गुंतागुंतीचा असेल, साक्षीदारांची लांब उलटतपासणी लागणार असेल, तर आयोग दिवाणी न्यायालयाकडे जा असं सांगू शकतो. मीटरच्या प्रकरणात सर्व्हिसच्या नोंदी आणि बिल हातात असतील तर तशी वेळ सहसा येऊ नये. डीलर तडजोडीला आला तर व्यवहार एकाच बैठकीत व्हावा: पैसे बँकेत जमा झाल्याचं दिसलं की मगच चावी आणि हस्तांतराच्या फॉर्मवर सही.

दिवाणी दाव्याला मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, आयोगात दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क शून्य आहे.